एक बी, दिवसभराचं सेलेनियम

सोललेला एक ब्राझील नट साधारण चार ग्रॅम वजनाचा असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नकोष्टकात या नटच्या शंभर ग्रॅमला १,९१७ मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलेलं आहे. म्हणजे एका नटमागे सुमारे ७७ मायक्रोग्रॅम. भारतातल्या प्रौढ माणसासाठी आयसीएमआरने २०२० मध्ये ठरवलेली सेलेनियमची रोजची गरज आहे ४० मायक्रोग्रॅम, आणि अमेरिकेत ती ५५ धरतात. एका बीमध्ये दिवसाची गरज भागून वर शिल्लक उरते. बदाम, काजू, अक्रोड यांपैकी कुठल्याही सुक्यामेव्याला हे जमत नाही.

आधी गरज किती लहान आहे ते पाहायला हवं. एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम असतात. दिवसाला ४० मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने एक ग्रॅम सेलेनियम एका माणसाला ६८ वर्षं पुरेल. जवळपास अख्ख्या आयुष्याचं सेलेनियम पाव चमचाभर पुडीत मावतं. ही गरज इतकी कमी असण्याचं कारण सेलेनियमच्या कामाच्या पद्धतीत आहे. हाडांना कॅल्शियम लागतं ते बांधकामाचा माल म्हणून, त्यामुळे ते भरपूर लागतं. सेलेनियम मात्र काही मोजक्या प्रथिनांच्या अगदी गाभ्यात बसतं. माणसाच्या जनुकसंचात अशी फक्त २५ प्रथिनं सांगितलेली आहेत. त्यांतली काही पेशीत तयार होणारं पेरॉक्साइड निकामी करतात, तर काही थायरॉइडच्या संप्रेरकाला त्याच्या कार्यक्षम रूपात आणतात. यांतल्या बहुतेक प्रथिनांच्या रेणूला सेलेनियमचा एकच अणू पुरतो, आणि तो अणू झिजत नाही, तेच काम पुन:पुन्हा करत राहतो. ही सगळी प्रथिनं एकदा पुरेशी भरली की पुढे कितीही सेलेनियम खाल्लं तरी त्यांचं काम वाढत नाही. थायरॉइडसाठी चांगलं म्हणून दोनाच्या जागी सहा नट खाणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट नीट समजून घ्यावी.

इतकं सेलेनियम या बीमध्ये येतं कुठून? ब्राझील नटचं झाड, शास्त्रीय नावाने बर्थोलेशिया एक्सेल्सा, अॅमेझॉनच्या जंगलात पन्नास मीटरपर्यंत वाढतं. ब्राझील, बोलिव्हिया आणि पेरूमधले लोक ते मुख्यतः जंगलातूनच गोळा करतात. त्याचं फळ लाकडी गोळ्यासारखं टणक असतं, किलो-दोन किलोपर्यंत भरतं, आणि त्याच्या आत संत्र्याच्या फोडींसारख्या दहा ते पंचवीस बिया रचलेल्या असतात. या झाडाला सेलेनियम हवं असतं असा कुठलाच पुरावा नाही. त्याला हवं असतं गंधक, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली आहे. दोघांची रासायनिक वागणूक इतकी मिळतीजुळती की मुळांतली गंधक आत घेणारी दारं सेलेनियमलाही आत सोडतात. आत आलेल्या सेलेनियमवर वनस्पती गंधकावर करते त्याच प्रक्रिया करते. मिथायोनिन नावाच्या अमिनो आम्लात गंधकाचा एक अणू असतो, त्याच्या जागी सेलेनियम बसलं की सेलेनोमिथायोनिन तयार होतं. ब्राझील नटमधलं एक मुख्य साठवणीचं प्रथिन गंधकयुक्त अमिनो आम्लांनी गच्च भरलेलं आहे. त्यातला मिथायोनिनचा वाटाच सुमारे १८ टक्के निघतो, जो वनस्पतींच्या प्रथिनांत फारच दुर्मीळ. ज्या बीमध्ये मिथायोनिनच्या इतक्या जागा आहेत, तिथे मातीत सेलेनियम असलं की ते आपसूक साठत जातं.

हे ‘मातीत असलं तर’ फार महत्त्वाचं आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अॅमेझॉनच्या वेगवेगळ्या भागांतल्या नटची तुलना प्रसिद्ध केली. मातो ग्रोसो राज्यातल्या नमुन्यांत किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम सेलेनियम होतं, आणि अॅमेझोनास राज्यातल्या नमुन्यांत सुमारे ६८ मिलिग्रॅम. फरक तीस पटींहून जास्त. झाडाची जात तीच, बीचा आकार तोच, चवही तीच.

यातून काय होतं ते एका मुठीवर मोजून पाहू. समजा, कुणी रोज नाश्त्याला सात नट खातो, म्हणजे २८ ग्रॅम. कोष्टकातली सरासरी धरली तर त्याच्या पोटात रोज सुमारे ५४० मायक्रोग्रॅम सेलेनियम जातं. अमेरिकेने प्रौढांसाठी घातलेली रोजची कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे, ती ओलांडली गेली. आता हीच मूठ मातो ग्रोसोच्या त्या नमुन्यांतली असेल तर तिच्यात जेमतेम ५६ मायक्रोग्रॅम निघतील, कुणाचंच काही बिघडणार नाही. आणि ती अॅमेझोनासच्या नमुन्यांतली असेल तर १,९०० मायक्रोग्रॅम. त्या नमुन्यांतला एकच नट २७० मायक्रोग्रॅम देतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये कमाल मर्यादा २५५ मायक्रोग्रॅमवर आणली. त्या हिशेबाने असा एक नटसुद्धा मर्यादेच्या पुढे जातो. दुकानातल्या पाकिटावर देश लिहिलेला असतो, पण आतल्या नटमध्ये प्रत्यक्षात किती सेलेनियम आहे ते लिहिलेलं नसतं. लिहिलं तरी ते बहुधा कोष्टकातून उचललेली सरासरी असणार.

थोडे नट खरोखर पुरतात, याचा चांगला पुरावा न्यूझीलंडमधून आला. तिथल्या मातीत सेलेनियम कमी. ड्युनेडिनच्या संशोधकांनी ५९ प्रौढांचे तीन गट केले. एका गटाला रोज दोन ब्राझील नट दिले, दुसऱ्याला १०० मायक्रोग्रॅम सेलेनोमिथायोनिनची गोळी, तिसऱ्याला बिनऔषधी गोळी. बारा आठवड्यांनी नट खाणाऱ्यांच्या रक्तातलं सेलेनियम साठ टक्क्यांहून जास्त वाढलेलं होतं, गोळी घेणाऱ्यांच्या बरोबरीने. विशेष म्हणजे त्या दोन नटमध्ये मिळून सरासरी ५३ मायक्रोग्रॅमच सेलेनियम होतं. गोळीच्या निम्म्या मात्रेवर नटनी तेच काम केलं.

हेच सेलेनोमिथायोनिन पुढे अंगाशीही येतं. आपल्या पेशींना मिथायोनिन आणि सेलेनोमिथायोनिन यांतला फरक कळत नाही. प्रथिन बांधताना मिथायोनिनच्या जागी जे हाताशी येईल ते बसवलं जातं, त्यामुळे स्नायूंपासून रक्तातल्या प्रथिनांपर्यंत सगळीकडे सेलेनियम साठत जातं, गरज असो वा नसो. ती प्रथिनं मोडली की ते सुटं होतं आणि पुन्हा कुठल्यातरी नव्या प्रथिनात जाऊन बसतं. सेलेनोमिथायोनिनच्या रूपात घेतलेलं निम्मं सेलेनियम शरीराबाहेर पडायला आठ महिन्यांच्या आसपास लागतात, असा अंदाज आहे. आज मूठभर खाल्लं आणि उद्यापासून बंद केलं, तर उद्याच हिशेब मिटत नाही.

जादा सेलेनियम बाहेर टाकायची सोय शरीराकडे आहे, पण तिची क्षमता बेताची. यकृत त्याला कार्बनचे गट जोडतं. त्यातला बराचसा भाग लघवीवाटे जातो. लघवीची वाट अपुरी पडू लागली की डायमिथाइल सेलेनाइड नावाचा वायू तयार होतो आणि श्वासावाटे निघतो. त्याला लसणासारखा उग्र वास असतो. लसूण न खाता तोंडाला लसणाचा वास येणं ही सेलेनियम जास्त झाल्याची ओळखीची खूण आहे, आणि दात घासून ती जात नाही, कारण वास फुप्फुसातून येतो. त्याच्या जोडीला तोंडात धातूची चव, मळमळ, जुलाब, थकवा, चिडचिड ही लक्षणं दिसतात.

पण माणूस घाबरून डॉक्टरांकडे जातो तो केस आणि नखांमुळे. दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात, आणि केराटिनची मजबुती त्यातल्या गंधकाच्या जोडण्यांवर उभी असते. गंधकाचे दोन अणू एकमेकांना धरून प्रथिनाचे शेजारचे धागे बांधून ठेवतात. गंधकाच्या जागी सेलेनियम शिरल्यामुळे हे बांधकाम कच्चं राहतं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. त्याशिवाय जादा सेलेनियमच्या रासायनिक घडामोडींत पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची रूपं तयार होतात, आणि झपाट्याने वाढणाऱ्या केसांच्या मुळांना त्याचा फटका बसतो. जी द्रव्यं ठरावीक मात्रेत पेशीला अशाच इजेपासून वाचवणाऱ्या प्रथिनांना लागतात, त्यांच्याच अतिरेकाने तीच इजा व्हावी, हे या विषयातलं सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगं.

बी खाऊन केस गेल्याच्या सविस्तर नोंदी व्हेनेझुएलातून आल्या, आणि तिथे दोषी ब्राझील नट नव्हता, त्याच कुळातला भाऊबंद होता. लेसिथिस ओलारिया या झाडाच्या बियांना तिथे ‘कोको दे मोनो’ म्हणतात. १९६० च्या दशकात तिथले त्वचारोगतज्ज्ञ फ्रान्सिस्को केर्देल-वेगास यांच्याकडे अचानक केस गळालेले रुग्ण येऊ लागले. बिया खाल्ल्यावर काही तासांत मळमळ, उलट्या, थंडी भरून येणं असा त्रास व्हायचा, तो ओसरायचा, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी डोक्याचे, कधी अंगावरचेही केस झपाट्याने गळायचे. १९६५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत या बियांमधलं घातक द्रव्य शोधून काढल्याचं प्रसिद्ध केलं. ते सेलेनो-सिस्टाथायोनिन होतं, पुन्हा गंधकाच्या जागी सेलेनियम बसलेलंच एक अमिनो आम्ल. याच बिया ‘पॅराडाइज नट’ या गोंडस नावाने युरोपातही पोचल्या. २०१० मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत अशा थोड्याशाच बिया खाल्लेल्या मध्यमवयीन बाईचे जवळपास सगळे केस दोन आठवड्यांनी गेल्याचं आहे. मधल्या या दोन आठवड्यांमुळेच बऱ्याचदा कारण लक्षात येत नाही. केस गळू लागतात तेव्हा त्या दिवशी खाल्लेली मूठभर बी कुणाला आठवत नाही.

४०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आली कुठून, हेही जाणून घेण्यासारखं आहे, कारण ती हवेतून काढलेली नाही. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात विचित्र आजार पसरला. केस कोरडे होऊन मुळाशी तुटायचे. नखांवर पांढरे ठिपके आणि उभ्या रेषा उमटायच्या, मग नख तुटून पडायचं आणि त्या जागी जाड, ठिसूळ नख यायचं. काहींच्या कातडीवर जखमा झाल्या, सर्वांत जास्त झळ बसलेल्या गावात हातापायांना बधिरपणा आणि लुळेपणाही आला. सर्वाधिक ग्रासलेल्या पाच गावांतल्या २४८ लोकांपैकी जवळपास निम्मे आजारी होते. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियमचं प्रमाण भयंकर होतं, ते झिजून मातीत उतरलं होतं, आणि शेतात चुना टाकायच्या पद्धतीमुळे पिकांना ते आणखी सहज मिळत होतं. अवर्षणाने भात बुडाला, लोकांना सेलेनियमने भरलेला मका आणि भाजीपाल्यावर दिवस काढावे लागले. यांग ग्वांगची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर काढलेल्या अंदाजाने त्या काळात माणसाच्या पोटात रोज सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम सेलेनियम जात असावं.

याच यांग यांनी तिथल्या पाच रुग्णांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला. रोजचं सेलेनियम बाराशेच्या पुढे होतं तेव्हा त्यांच्या नखांवर लक्षणं होती. खाणं बदलून ते ८०० मायक्रोग्रॅमच्या आसपास आलं, तेव्हा ते बरे झाले. अमेरिकेच्या तज्ज्ञांनी २००० साली हा ८०० चा आकडा घेतला, काही माणसं जास्त हळवी असू शकतात म्हणून त्याचा निम्मा केला, आणि ४०० ठरवले. युरोपने पुढे आणखी खाली उतरून २५५ केले त्याला आधार होता अमेरिकेत आणि कॅनडात ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा. त्यांत सेलेनियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत केसगळती थोडी जास्त आढळली होती, आणि गोळी व जेवण मिळून त्यांचं सेलेनियम रोज ३३० मायक्रोग्रॅमच्या आसपासच होतं.

चीनमध्येच दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. ईशान्येकडच्या केशान परगण्यात १९३५ मध्ये लहान मुलांच्या आणि तरुण बायकांच्या हृदयाचा स्नायू निकामी करणारा आजार नोंदला गेला. तिथल्या मातीत सेलेनियम नव्हतंच म्हणा ना. लोकांच्या पोटात दिवसाला दहा-अकरा मायक्रोग्रॅम जात होतं. १९७० च्या दशकात मुलांना सेलेनियमच्या गोळ्या दिल्यावर रोग मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला.

सेलेनियम मातीतून येतं याचा अनुभव पंजाबलाही आहे. होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही गावांत शिवालिक टेकड्यांतून पुराबरोबर आलेल्या गाळामुळे जमीन सेलेनियमने भरलेली आहे. तिथल्या गुरांचे खूर चिरतात, गळून पडतात, शेपटीचे केस झडतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हा पट्टा अनेक वर्षं अभ्यासला आहे.

महाराष्ट्रात हा शब्द घराघरांत पोचला तो बुलडाणा जिल्ह्यामुळे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांच्या डोक्याला खाज सुटायची, हात लावला की केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावसकर यांनी या गावांतून नमुने तपासले आणि त्यांचा निष्कर्ष असा निघाला की रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं आहे, जस्त कमी आहे, आणि हे सेलेनियम बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हातून आलं असावं. आयसीएमआरच्या तपासणीतही रक्तात सेलेनियम जास्त आढळल्याचं सांगण्यात आलं. काही महिन्यांनी त्याच गावांत नखं विद्रूप होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या. एन्शीचं वर्णन वाचलेल्याला हा क्रम ओळखीचा वाटावा. तिथल्या माणसांना काय खायचं याची निवड नव्हती, सुकामेवा विकत घेणाऱ्याला ती असते.

एका गोष्टीची नोंद इथे प्रामाणिकपणे करायला हवी. अॅमेझॉनमधल्या तापाझोस नदीकाठच्या गावांत हंगामात ब्राझील नट भरपूर खाल्ले जातात. तिथल्या काही लोकांच्या रक्तात लिटरमागे १,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत सेलेनियम सापडलं. ते इतरत्र धोक्याचं मानलं गेलं असतं, पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लोकांमध्ये विषबाधेची लक्षणं आढळली नाहीत. सगळ्यांची शरीरं सेलेनियमला सारखा प्रतिसाद देत नाहीत. मात्र मुंबई-पुण्यातल्या कुणी नदीकाठच्या त्या माणसांच्या भरवशावर मूठ भरू नये.

ब्राझील नट खायचाच असेल तर दिवसाला एक पुरे, आणि तोही रोज खायलाच हवा असं नाही. शरीर साठा ठेवतं, त्यामुळे मधले दिवस रिकामे गेले तरी बिघडत नाही. मल्टीव्हिटॅमिनच्या किंवा केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या लेबलवर सेलेनियम आहे का ते आधी पाहावं. गोळीतलं आणि नटमधलं दोन्ही एकाच खात्यात जमा होतं. केस गळतात म्हणून गोळी, गोळीने आणखी गळती आणि म्हणून दुप्पट गोळी, असं चक्र सुरू होऊ शकतं. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक पेयात चुकून लेबलवर लिहिल्याच्या दोनशे पट सेलेनियम पडलं आणि दहा राज्यांत दोनशे माणसं आजारी झाली. घरात लहान मूल असेल तर बरणी उंचावर ठेवावी. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी अमेरिकी मर्यादा दिवसाला ९० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे सरासरी एक नट आणि वर दोन घास.

सेलेनियम जास्त झाल्यावर ते काढून टाकणारं खात्रीचं औषध नाही. शिशाच्या विषबाधेत वापरतात तसली धातू बांधून काढणारी औषधं इथे सुचवली जात नाहीत. उपचार म्हणजे स्रोत शोधून बंद करणं आणि वाट पाहणं. केस बहुधा परत येतात. नखाला वेळ लागतो, कारण हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला सहा महिन्यांच्या आसपास घेतं, पायाचं वर्ष-दीड वर्ष. म्हणूनच संशोधक मागच्या काही महिन्यांतलं सेलेनियम जोखायला पायाच्या नखांच्या कातरणी तपासतात. रक्ताची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते, पण ती करायला सांगण्याचं सुचावं यासाठी डॉक्टरांना आधी कळायला हवं की समोरचा माणूस गेले दोन-तीन महिने रोज काय खात होता. अचानक केस गळू लागलेल्याने दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या बाटल्या आणि सुक्यामेव्याचं पाकीट दोन्ही बरोबर न्यावं.